‘प्लॅन टाकू का, सर?’ : गेमिंग लॅपटॉपची वाढीव वॉरंटी आणि अपघाती संरक्षण

जून-जुलैत इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की पुण्यातल्या लॅपटॉपच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. घासाघीस संपलेली असते, बॅग आणि माउस फुकटात पदरात पडलेला असतो, बिल छापायला गेलेलं असतं आणि तेवढ्यात विक्रेता विचारतो, “प्लॅन टाकू का, सर? दिवसाला दहा रुपयेपण पडत नाहीत.” पाच-दहा हजारांचा निर्णय मग अर्ध्या मिनिटात, रांगेतल्या मागच्या माणसाचा श्वास मानेवर घेत होतो. वडील म्हणतात घेऊन टाक, मुलगा म्हणतो कशाला. दोघांनाही नेमकं काय विकलं जातंय हे माहीत नसतं, आणि बऱ्याचदा विक्रेत्यालाही नसतं.

हा लेख पहिल्यांदाच गेमिंग लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी आहे. असेंबल केलेला डेस्कटॉप आणि कन्सोल यांचा विचार शेवटाकडे थोडक्यात केला आहे, कारण तिथे उत्तर सोपं आहे. लॅपटॉपचं तसं नाही.

एका शब्दात तीन वेगळ्या वस्तू

काउंटरवर ‘प्लॅन’ म्हणून जे विकतात त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या आधी सोडवून घ्या.

पहिली, कंपनीची वाढीव वॉरंटी. लॅपटॉपसोबत साधारण एक वर्षाची वॉरंटी येते आणि ती फक्त बनावटीतल्या दोषासाठी असते: मशीन आपणहून बिघडलं तर. वाढीव वॉरंटी म्हणजे तेच वचन आणखी एक-दोन वर्षं. वचन लांबतं, रुंद होत नाही. लॅपटॉप हातातून पडला, चहा सांडला, तर तीन वर्षांच्या वाढीव वॉरंटीचा शून्य उपयोग.

दुसरी, कंपनीचं अपघाती नुकसान संरक्षण. पडणं, द्रव सांडणं, विजेचा दाब अचानक वाढणं, स्क्रीन फुटणं हे यात येतं. चोरी आणि हरवणं सहसा येत नाही. हे संरक्षण वॉरंटीचा काळ वाढवत नाही. दोन्ही हवं असेल तर दोन्हीचे पैसे भरावे लागतात किंवा जोडीनं मिळणारा संच घ्यावा लागतो.

तिसरी, दुकानाचा किंवा तिऱ्हाईत कंपनीचा प्लॅन. यात वरच्या दोन्ही गोष्टींचं मिश्रण असू शकतं, पण दुरुस्ती लॅपटॉपची कंपनी करत नाही. प्लॅनवाले ती करून देतात किंवा तिचे पैसे देतात, त्यांच्या अटींवर. या अटींमधला ‘घसारा’, म्हणजे मशीन जुनं होत जाईल तशी त्याची किंमत कमी धरणं, हा शब्द सगळ्यात महाग पडतो. त्याकडे पुढे येऊच.

पहिल्या दोन गोष्टी विकत घेण्याची *वेळ* वेगळी आहे, आणि नवख्या माणसाचे पैसे वाचतात ते इथेच. अपघाती संरक्षण बहुतेक ठिकाणी खरेदीनंतर थोड्याच दिवसांत घ्यावं लागतं. फुटलेला लॅपटॉप दाखवून उद्या कोणी संरक्षण मागू नये, म्हणून ही मुदत. वाढीव वॉरंटी मात्र बऱ्याच कंपन्यांकडे मूळ वॉरंटी संपण्याच्या आधी कधीही घेता येते. म्हणजे काउंटरवर ठरवायचं आहे ते फक्त अपघाताचं. दुसऱ्या निर्णयाला अकरा महिने हाताशी आहेत. आपल्या मॉडेलला दोन्हीसाठी किती दिवसांची मुदत आहे ते कंपनीच्या संकेतस्थळावर, दुकानात शिरण्याआधी बघून ठेवा. तोंडी “आत्ताच घ्यावं लागतं” याला काही किंमत देऊ नका.

गेमिंग लॅपटॉपमध्ये खर्च नेमका कुठे होतो

साध्या ऑफिसच्या लॅपटॉपपेक्षा गेमिंग लॅपटॉप महाग दुरुस्त होतो, याचं मुख्य कारण मदरबोर्ड. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही त्यावर कायमचे सोल्डर केलेले असतात. डेस्कटॉपसारखं ग्राफिक्स कार्ड काढून दुसरं खोचता येत नाही. त्यामुळे वीजपुरवठ्याच्या भागातला मॉस्फेट नावाचा शंभर रुपयांचा छोटा भाग जळला तरी अधिकृत सेवा केंद्र अख्खा बोर्ड बदलतं, आणि बोर्डाची किंमत मशीनच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकते.

दुसरी जागा कीबोर्ड. पुष्कळ मॉडेल्समध्ये तो मशीनच्या वरच्या भागाला बारीक प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी कायमचा ठोकलेला असतो. चार बटणं चालेनाशी झाली तरी तळहात टेकायच्या पट्ट्यासकट पूर्ण वरचा भाग बदलतात.

तिसरी जागा बिजागरी, आणि सर्वात जास्त भांडणं हिच्यावरून होतात. बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत आवळलेले असतात. बिजागरी कडक असेल किंवा कोणी झाकण रोज एकाच कोपऱ्याला धरून उघडत असेल, तर नट प्लॅस्टिकसकट उपटून येतो. ग्राहक म्हणतो बनावटीचा दोष, सेवा केंद्र म्हणतं बाहेरून झालेलं नुकसान. वॉरंटीत ते बसत नाही म्हणतात. अपघाती संरक्षणातही अडचण आहे, कारण तिथे ‘अचानक घडलेली घटना’ लागते आणि हळूहळू वाढत गेलेली चीर म्हणजे झीज. म्हणून झाकण उघडताना कटकट आवाज येऊ लागला किंवा कडेला केसाएवढी फट दिसली, की पहिल्या वर्षातच, पूर्ण तुटण्याआधी, तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. तुटायच्या आधीची लेखी तक्रार हाच दोष बनावटीचा असल्याचा तुमच्याकडचा सर्वात भक्कम पुरावा.

उरलेल्या गोष्टी लहान आहेत. पंखे धुळीनं भरतात, बेअरिंग घरघरते, पण ते स्वस्तात बदलता येतात. बॅटरी वेगळी लक्षात ठेवा: लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची केली तरी बॅटरीची बहुधा एकच वर्षाची राहते, ती वाढवायला वेगळे पैसे पडतात.

हिशेब: 92,000 रुपयांचा लॅपटॉप

एक उदाहरण पूर्ण सोडवू. आकडे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या मॉडेलचे आकडे सेवा केंद्राला फोन करून मिळतात. “या मॉडेलची स्क्रीन, वरचा भाग आणि मदरबोर्ड बदलायला कर धरून किती?” एवढं विचारा. फोनवर अंदाज दिला नाही, तर केंद्रात जाऊन विचारा. ही एक चौकशी दहा व्हिडिओंपेक्षा जास्त सांगते.

समजा लॅपटॉप 92,000 रुपयांचा. कंपनीचं एक वर्षाचं अपघाती संरक्षण 3,200 रुपये. दोन जादा वर्षांची वाढीव वॉरंटी 9,500 रुपये. दोन्ही किमती 18 टक्के जीएसटी धरून; जाहिरातीत तो धरलेला नसेल तर आधी मिळवून घ्या. अधिकृत केंद्रातल्या दुरुस्तीचे दर असे: स्क्रीन 17,000, बिजागरी आणि झाकण 8,000, द्रव सांडल्यावर बोर्ड आणि वरचा भाग मिळून 55,000.

आता धरून चालू की दहा अपघातांपैकी पाच स्क्रीनचे, तीन पडून तुटलेल्या बिजागरी-झाकणाचे आणि दोन द्रवाचे. एकूण खर्च 85,000 अधिक 24,000 अधिक 1,10,000, म्हणजे 2,19,000. एका अपघाताला सरासरी 21,900. प्लॅनच्या 3,200 ला यानं भागलं की सुमारे 15 टक्के येतात. अर्थ साधा आहे: वर्षभरात अपघात होण्याची शक्यता सातात एकपेक्षा जास्त वाटत असेल तर प्लॅन परवडतो, कमी वाटत असेल तर तोट्याचा.

सातात एक म्हणजे किती? कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये चौघं राहतायत, लॅपटॉप गादीवर चार्ज होतोय, रोज दुचाकीवर पाठीला लावून कॉलेजला जातोय आणि पावसाळ्यात बॅगेला आवरण घालायचं कोणाच्या लक्षात राहत नाही, तर सातात एक ही कंजूष शक्यता आहे. घ्या. घरी टेबलावर बाहेरचा मॉनिटर जोडून जो लॅपटॉप वर्षातून चार वेळा उचलला जातो, त्याला ही शक्यता फार मोठी आहे. घेऊ नका, पैसे वेगळे ठेवा. हॉस्टेलला जाणाऱ्याचं पहिलं वर्ष सर्वात धोक्याचं, म्हणून एकाच वर्षाचा अपघाती प्लॅन मिळत असेल तर तीन वर्षांच्यापेक्षा तोच बरा.

या हिशेबात पुण्यासाठी एक दुरुस्ती करावी लागते, आणि ती छोटी नाही. इथे चिप-लेव्हल दुरुस्ती करणारे कारागीर आहेत. ते बोर्ड बदलत नाहीत, बोर्डावरचा जळालेला भाग शोधून तेवढाच बदलतात. समजा बाहेर स्क्रीन 10,000 मध्ये बसते, बिजागरी 2,000 मध्ये, आणि द्रवाच्या दोन प्रकरणांपैकी एक 8,000 मध्ये निभावतं, दुसऱ्यात बोर्ड वाचत नाही आणि 55,000 मोजावेच लागतात. दहा अपघातांचे 50,000 अधिक 6,000 अधिक 63,000, म्हणजे 1,19,000, सरासरी 11,900. आता 3,200 म्हणजे 27 टक्के. चारात एकपेक्षा जास्त शक्यता असेल तरच प्लॅन परवडतो. मशीन तेच, मालक तोच, पण बाहेरचा कारागीर मान्य आहे की नाही यावर उत्तर बदललं.

पण बाहेरच्या दुरुस्तीची किंमत नुसत्या रुपयांत नसते. पहिल्या वर्षात बोर्डावर बाहेरचं सोल्डर दिसलं की कंपनी उरलेली वॉरंटी नाकारते. शिवाय वीजपुरवठ्याच्या रेषेतला शॉर्ट, जळालेला कपॅसिटर, चार्जिंगची चिप हे दुरुस्त होतं. ग्राफिक्स चिपच मेली असेल तर नाही. चिपला नुसती उष्णता देऊन चालू करून देणारा कोणी भेटला तर ती दुरुस्ती काही आठवडे-महिन्यांचीच समजा. तिथे पैसे घालू नका.

वाढीव वॉरंटीला हीच रीत लावू. 9,500 रुपये, आणि तिचा खरा उपयोग एकच: दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात बोर्ड आपणहून गेला तर. अधिकृत केंद्रात बोर्ड 46,000 चा धरला तर दोन वर्षांत पाचात एकपेक्षा जास्त शक्यता हवी. बाहेर अर्ध्या वेळा तो 8,000 मध्ये दुरुस्त होत असेल तर सरासरी खर्च 27,000 होतो आणि हिशेब बसायला शक्यता 35 टक्के लागते. चांगल्या मॉडेलचा बोर्ड इतका जात नाही. त्यामुळे काउंटरवर वाढीव वॉरंटी आंधळेपणानं घेण्यात अर्थ नाही. ती शोभते ती अशाला, ज्याच्याकडे बिघाडाच्या दिवशी 46,000 उभे करायची सोय नाही आणि ज्याचं शिक्षण किंवा काम त्याच मशीनवर अडलंय. ते 9,500 मग नफ्या-तोट्याचे नसतात, रात्रीच्या झोपेचे असतात. हे चूक नाही. फक्त आपण काय विकत घेतोय ते माहीत असावं.

दुकानाच्या प्लॅनमधला घसारा

तिऱ्हाईत प्लॅन बहुतेकदा कंपनीच्या प्लॅनपेक्षा स्वस्त दिसतो. का, ते दाव्याच्या दिवशी कळतं. त्याच लॅपटॉपवर दुसऱ्या वर्षी दावा केला असं धरू. अटींत दुसऱ्या वर्षीचा घसारा 30 टक्के लिहिलाय, म्हणजे मशीनची धरलेली किंमत 64,400. दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या 75 टक्क्यांवर, म्हणजे 48,300 च्या वर गेला तर ‘दुरुस्ती परवडत नाही’ असं ठरतं. आपला खर्च 55,000. मग दुरुस्ती नाही, तडजोड: 64,400 मधून ग्राहकाचा 10 टक्के वाटा वजा, म्हणजे 57,960 रुपये. तेही अनेकदा त्याच दुकानाच्या व्हाउचरमध्ये, जुनं मशीन त्यांच्याकडे जमा, आणि प्लॅन तिथेच संपला.

57,960 ही काही वाईट रक्कम नाही. पण “पूर्ण किंमत परत” असं ऐकून घेतलेल्या माणसाला ती वाईट वाटते, आणि तशाच दर्जाचं मशीन घ्यायला आणखी तीसेक हजार खिशातून जातात. म्हणून सही करण्याआधी अटींच्या कागदात पाच जागा शोधा. घसाऱ्याचा तक्ता वर्षावार. प्रत्येक दाव्याला ग्राहकानं भरायची रक्कम. एका वर्षात किती दावे, आणि एका दाव्यानंतर प्लॅन संपतो का. संरक्षण कोणत्या दिवसापासून सुरू होतं. आणि घटना घडल्यावर किती तासांत किंवा दिवसांत कळवायचं. अटींचा कागद देत नसतील, “नंतर ईमेलवर येईल” म्हणत असतील, तर प्लॅनही नंतरच घ्या.

कंपनीच्या प्लॅनमध्ये घसारा सहसा नसतो, पण दाव्यांची मर्यादा तिथेही असते. वर्षाला एकच दावा ही अट सर्रास दिसते. ओरखडे, पोचे अशी नुसती दिसण्यापुरती खोट कुठेच धरत नाहीत. आणि गेमिंग कॅफेसाठी मशीन घेत असाल तर व्यावसायिक वापराची अट आधी वाचा. घरगुती वापरासाठीचा प्लॅन तिथे बहुधा चालत नाही.

प्लॅन घेतल्यावर पहिल्या दिवशी

मशीनचा सीरियल नंबर बिलावर, खोक्यावर, तळाच्या लेबलवर आणि आतमध्ये एकच आहे ना, ते तपासा. आतला नंबर पाहण्यासाठी पॉवरशेल उघडून ही ओळ चालवा:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

तो नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीची सुरुवात आणि शेवट पाहा. दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या मशीनची वॉरंटी कधी कधी आधीच्या तारखेपासून सुरू झालेली दिसते. बिल पाठवून ती तारीख दुरुस्त करून घेता येते, पण ते पहिल्या आठवड्यात करा. अपघाती प्लॅनही त्याच पानावर दिसायला हवा. पैसे घेऊन प्लॅन नोंदवलाच नाही, ही चूक दाव्याच्या दिवशी उघडी पडली तर फार उशीर होतो. नोंद दिसली की त्या पानाचं चित्र काढून बिलासोबत ठेवा.

दुसरं काम बहुतेकजण विसरतात. विंडोज 11 मध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि त्या कुलपाचा संबंध मदरबोर्डावरच्या सुरक्षा चिपशी किंवा प्रोसेसरमधल्या तशाच भागाशी असतो. दुरुस्तीत बोर्ड बदलला की मशीन सुरू होताना 48 अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर दुरुस्ती मोफत झाली तरी सगळा डेटा गेला. ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून टर्मिनल उघडून ही आज्ञा द्या:

```
manage-bde -protectors -get C:
```

डिस्क कुलूपबंद असेल तर पडद्यावर `Numerical Password` खाली 48 अंक दिसतील. ते कागदावर उतरवा. मायक्रोसॉफ्ट खात्यातही ते साठवलेले असतात, पण खात्याचा पासवर्ड त्याच मेलेल्या लॅपटॉपमध्ये असण्याची गंमत अनेकांची होते.

अपघात झाला त्या दिवशी

चहा सांडला तर आधी चार्जर काढा आणि पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. फाइल सेव्ह करायच्या भानगडीत पडू नका. द्रव बोर्डाचं खरं नुकसान करतं ते वीज वाहत असताना: ओल्या जागेतून प्रवाह गेला की तांब्याच्या रेषा काही वेळातच खाल्ल्या जाऊ लागतात, आणि चहातली साखर नंतर वाळून चिकट, ओलावा धरणारा थर ठेवते. म्हणूनच दोन दिवस ठीक चाललेला लॅपटॉप तिसऱ्या आठवड्यात मरतो. मशीन तंबूसारखं उलटं उभं करा, म्हणजे द्रव कीबोर्डातूनच बाहेर येईल. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, हेअर ड्रायर लावू नका, आणि “चालतंय का बघू” म्हणून सुरू तर मुळीच करू नका. प्लॅन असेल तर तळाचं झाकणही उघडू नका. स्क्रू फिरवलेले दिसले की वादाला कारण मिळतं.

मग त्याच दिवशी दावा नोंदवा. घटना जशी घडली तशी लिहा: कधी, कुठे, काय सांडलं किंवा किती उंचीवरून पडलं. “सकाळी सुरूच झाला नाही” असं मोघम लिहिणारे दुहेरी फसतात. केंद्र तो वॉरंटीचा बिघाड म्हणून घेतं, झाकण उघडल्यावर द्रवाचे डाग दिसतात, वॉरंटी नाकारली जाते, आणि मग अपघाताचं सांगायला गेलं तर आधीचं निवेदन आड येतं. डाग किती जुना आहे हेही गंजावरून कळतं. खोटं बोलून फायदा होत नाही आणि दावा मात्र जातो.

मशीन देताना जॉबशीटवर आधीचे ओरखडे आणि सोबत दिलेला चार्जर लिहून घ्या, स्वतः फोटो काढा. डिस्कमधला डेटा जपण्याची जबाबदारी कोणतीही कंपनी घेत नाही. मशीन चालू असेल तर आधी प्रत काढा. नंतर बसवलेली रॅम किंवा एसएसडी असेल तर ती जॉबशीटवर वेगळी लिहा. ती प्लॅनमध्ये येत नाही आणि बदललेल्या बोर्डासोबत ती परत येईल याची काळजी तुम्हालाच घ्यायची आहे.

दावा नाकारला तर तोंडी ऐकून निघू नका. नाकारण्याचं कारण, अटीचं कलम आणि आतल्या नुकसानीचे फोटो ईमेलवर मागा. कलम सांगायला लागलं की बरीच प्रकरणं तिथेच मऊ होतात. नाही झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याचं मुख्यालय दुसऱ्या राज्यात असलं तरी. ई-जागृती पोर्टलवरून ती ऑनलाइन दाखल होते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तिऱ्हाईत प्लॅनच्या मागे विमा कंपनीची पॉलिसी असेल, आणि अटींच्या कागदावर विमा कंपनीचं नाव असेलच, तर आधी त्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे.

डेस्कटॉप, कन्सोल, कंट्रोलर

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून किंवा ऑनलाइन सुटे भाग घेऊन डेस्कटॉप जोडला असेल तर संपूर्ण मशीनवरचा प्लॅन घेऊच नका. प्रत्येक भागाची स्वतःची वॉरंटी असते: ग्राफिक्स कार्डाची बहुतेक वेळा तीन वर्षं, चांगल्या पॉवर सप्लायची पाच ते दहा. इंटेलनं तर 13 व्या आणि 14 व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतल्या अस्थिरतेमुळे 2024 मध्ये खोकाबंद प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली. टेबलाखालचा डबा पडत नाही आणि त्यावर चहाही सहसा सांडत नाही. प्लॅनच्या पैशांत यूपीएस घ्या. वीज गेल्या-आल्याचा झटका हाच इथला खरा धोका आहे.

कन्सोल टीव्हीखाली बसून असतो, त्याचंही तेच. कंट्रोलरची काडी आपोआप सरकायला लागणं ही काडीची हालचाल मोजणाऱ्या आतल्या पोटेन्शिओमीटरची झीज आहे. अपघाती प्लॅन झीज धरत नाही. वॉरंटीच्या काळात झालं तर तक्रार करा, नंतर झालं तर सुटा भाग बदलून घ्या.

अकराव्या महिन्यात

वाढीव वॉरंटीचा निर्णय पुढे ढकलला होता, तो आता घ्यायचा. जोडणीतली किंवा भागातली मूळची खोट बहुधा पहिल्या काही महिन्यांतच डोकं वर काढते, त्यामुळे वर्षभर निर्धास्त चाललेल्या मशीनबद्दल आता तुम्हाला दुकानापेक्षा जास्त माहिती आहे. बिल 10 जुलैचं असेल तर फोनमध्ये 10 जूनची आठवण लावून ठेवा, म्हणजे एखादी तक्रार निघाली तर मूळ वॉरंटीत ती निस्तरायला महिना मिळतो.

त्या दिवशी अर्धा तास जड खेळ चालवा. मशीन अचानक बंद पडतं का, चित्रात रंगीत ठिपके किंवा चौकटी येतात का, एखादा पंखा घरघरतो का, चार्जर मध्येच सोडून देतो का ते बघा. बिजागरी दोन्ही बाजूंनी ऐका. बॅटरीसाठी ही आज्ञा द्या:

```
powercfg /batteryreport
```

तयार झालेल्या अहवालात `DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` हे दोन आकडे दिसतील. दुसरा पहिल्याच्या कितीतरी खाली गेला असेल किंवा बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, तर वर्ष संपण्याआधी तक्रार करा. नंतर बॅटरी तुमच्या खर्चानं.

वर्षभरात बोर्ड एकदा बदलला गेला असेल किंवा बंद पडण्याची तक्रार दोनदा नोंदली असेल तर वाढीव वॉरंटी घ्या, हिशेबातली पाचात एक शक्यता तुमच्या बाबतीत ओलांडली गेली आहे. काहीच झालं नसेल तर 9,500 रुपये बँकेत राहू द्या.